दातांची खूण आणि घड्याळातील वेळ

पाळणाघरात एका बाळाने दुसऱ्या बाळाला चावा घेतला की दोन घरे एकाच वेळी अस्वस्थ होतात. एका घरातील आजी बाळाच्या दंडावरची लाल वर्तुळाकार खूण पाहून संतापते आणि दुसऱ्या घरातील आईला उद्या पाळणाघराच्या दाराशी इतर पालकांसमोर उभे राहण्याची लाज वाटू लागते. गेल्या वर्षभरात हा प्रसंग मला दोन्ही बाजूंनी जवळून पाहावयास मिळाला. नांदेडला आमच्या शेजारच्या कुटुंबातील नात चावली गेली होती आणि लातूरला माझ्या मुलीचा मुलगा, म्हणजे माझा नातू, चावत होता.

आपल्या व्यापारी घरांत पूर्वी पाळणाघराची गरज फारशी भासत नसे. दुकानाच्या मागे किंवा वर घर असे आणि घरात आजी, काकू, आत्या असत. आता मुलगी महाविद्यालयात शिकविते, जावई मोंढ्यात आडत सांभाळतात, विहीणबाईंच्या गुडघ्यांना जिना सोसवत नाही. अशा घरात दीड वर्षाचे मूल सकाळी नऊ ते सायंकाळी सहा पाळणाघरात असते. ही परिस्थिती आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे, म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहावे असे वाटले.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की एक ते तीन वर्षांच्या मुलांत चावणे ही अगदी सर्वसाधारण गोष्ट आहे. जगात जेथे जेथे या वयाची मुले एकत्र ठेवली जातात, तेथे तेथे ती एकमेकांना चावतात. बालरोगतज्ज्ञ त्याची कारणे सांगतात, ती ध्यानात ठेवण्यास अवघड नाहीत. पहिले कारण दातांचे. पहिल्या दाढा साधारणतः तेराव्या ते एकोणिसाव्या महिन्यात येतात, त्यापाठोपाठ सुळे, आणि दुसऱ्या दाढा दोन वर्षांच्या आगेमागे. हिरड्या शिवशिवत असताना जे तोंडाजवळ येईल त्यावर दात आवळले की बाळाला बरे वाटते. दुसरे कारण शब्दांचे. वीस महिन्यांच्या मुलाला इच्छा भरपूर असतात, पण त्या सांगण्यासाठी लागणारे शब्द त्याच्यापाशी नसतात. समोरच्याने खेळणे ओढले तर ‘दे’ किंवा ‘नको’ म्हणण्याऐवजी तोंडच पुढे जाते. तिसरे कारण भूक, झोप आणि गर्दी. मोठा माणूस भुकेला असला की चिडतो, लहान मूल चावते. चौथे कारण असे की चावल्याबरोबर काहीतरी मोठे घडते. समोरचे मूल किंचाळते, ताई धावत येतात, खेळणे हाती राहते. मुलाने हे दोन-तीनदा अनुभवले की चावण्याचा उपयोग त्याच्या ध्यानात येतो.

यात एक गोष्ट नसते, ती म्हणजे दुष्टावा. दुसऱ्याला आपल्यासारखीच वेदना होते ही जाणीव या वयात नुकती कोठे उगवू लागलेली असते. नांदेडच्या शेजारच्या आजी रागाने म्हणाल्या होत्या, “असले हिंसक मूल कोणत्या घरचे असेल!” आपल्याकडे हिंसेचा विचार केवळ कृतीवरून होत नाही, कृतीमागचा भाव आणि प्रमाद दोन्ही पाहिले जातात. ज्या जीवाला दुसऱ्याच्या दुःखाचे भान अजून आलेलेच नाही, त्याला हिंसक म्हणणे आपल्याच विचाराला धरून होणार नाही. मात्र याचा अर्थ चाव्याकडे दुर्लक्ष करावे असा नव्हे. ज्याला चावा बसला त्याचे दुखणे खरे असते.

म्हणून आधी त्या नांदेडच्या बाळाविषयी सांगतो. दोन वर्षांची ती मुलगी पाळणाघरातून आली तेव्हा तिच्या मनगटाच्या वर दातांची पूर्ण खूण होती आणि दोन ठिकाणी कातडी किंचित फुटली होती. आजींनी हळद आणून ठेवली होती. तिचे आजोबा माझे जुने स्नेही. आम्ही दोघे तिला घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरांनी प्रथम विचारले, “चावल्यावर लगेच साबणाने धुतले होते का?” पाळणाघरातील ताईंनी ते केले होते आणि तेच सर्वांत महत्त्वाचे ठरले.

डॉक्टरांनी समजावून सांगितले ते असे. कातडी फुटलेली नसेल तर साबण व पाण्याने जागा धुवावी, थंड पाण्यात भिजवलेले स्वच्छ फडके थोडा वेळ धरावे आणि बाळाला जवळ घ्यावे. बहुतेक चावे याच प्रकारचे असतात. कातडी फुटली असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणाने काही मिनिटे नीट धुवावे, हळद, चुना, तूप असे काही भरू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. चावा हाताच्या बोटावर किंवा चेहऱ्यावर असेल तर विशेष तत्परता हवी. माणसाच्या तोंडातही जंतू असतातच. पुढचे दोन-तीन दिवस जागा लाल होणे, सुजणे, गरम लागणे, पू येणे किंवा ताप येणे यांकडे लक्ष ठेवावे. सोबत लसीकरणाचे कार्ड न्यावे. कावीळ-ब ची लस आणि दीड वर्षाच्या सुमारास मिळणारा धनुर्वाताचा समावेश असलेला बूस्टर डोस झालेला आहे ना, हे डॉक्टर त्यावरून पाहतात. आजोबांनी दबक्या आवाजात एड्‌सविषयी विचारले. लहान मुलाच्या अशा चाव्यातून त्याचा संसर्ग होण्याची शक्यता जवळजवळ नसतेच, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. कातडी फुटून रक्त आले असेल तर चावणाऱ्या मुलाचेही तोंड पाण्याने धुवावे आणि त्याच्याही पालकांना लसींविषयी विचारावे, हे मात्र मला त्या दिवशी नव्याने कळले.

आजोबांचा राग दुसऱ्याच गोष्टीवर होता. पाळणाघराने चावणाऱ्या मुलाचे नाव सांगण्यास नकार दिला होता. “काय लपवताय? आमच्या पोरीला कोण चावले हे आम्हाला कळायला नको?” असे ते म्हणत होते. मला पाळणाघराची भूमिका योग्य वाटली. बँकेत एका खातेदाराची बाब दुसऱ्याला सांगत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. नाव कळले असते तर दोन कुटुंबांत, कदाचित एकाच समाजातील दोन कुटुंबांत, कायमची अढी बसली असती आणि मुले मात्र आठवडाभरात सारे विसरून पुन्हा एकत्र खेळली असती. पालकांनी विचारायचे ते नाव नव्हे. घटना किती वाजता घडली, त्या वेळी काय चालले होते, जवळ कोण मोठे होते आणि पुन्हा घडू नये म्हणून उद्यापासून काय बदलणार, हे चार प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक पालकाला आहे.

यानंतर काही महिन्यांनी, पर्युषण आटोपल्यावर, लातूरहून मुलीचा फोन आला. आवाज रडवेला होता. “बाबा, तो रोज कोणाला तरी चावतोय. तीन आयांनी तक्रार केली आहे. मॅडम म्हणाल्या, पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर त्याला ठेवता येणार नाही.” नातू त्या वेळी वीस महिन्यांचा होता. पाळणाघर सुटले तर मुलीला नोकरी सोडावी लागली असती, आणि सोयाबीनची आवक सुरू होण्याच्या तोंडावर जावईबापूंना मोंढ्यातून हलता येण्यासारखे नव्हते. म्हणजे ते पंधरा दिवस सर्वांच्याच दृष्टीने मोलाचे होते.

मी लातूरला गेलो. घरी प्रत्येकाकडे एक उपाय तयार होता. विहीणबाई म्हणाल्या, “जिभेला जरा मिरची टेकवा, पुन्हा नाव काढणार नाही.” त्यांच्या काळी अनेक घरांत हेच करीत. जावईबापूंच्या एका मित्राने, “तुम्हीही एकदा हलकेच चावून दाखवा, म्हणजे त्याला कळेल किती दुखते,” असे सुचविले. दोन्ही उपायांत अडचण एकच आहे. शिक्षेचा संबंध आधीच्या कृतीशी जोडण्याइतकी समज वीस महिन्यांच्या मुलाला नसते. त्याला एवढेच कळते की मोठे माणूसही चावते, किंवा आजीजवळ गेले की तोंड भाजते. मिरची डोळ्यांत जाण्याचा आणि घशात ठसका लागण्याचा धोका वेगळाच. मी विहीणबाईंना म्हणालो, “ताई, मिरची पंधरा दिवस राहू द्या. आधी हा नेमका केव्हा चावतो ते पाहू.” त्यांनी ते मान्य केले.

बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक सवय असते. एखाद्या शाखेत रोख रकमेत वारंवार फरक येऊ लागला तर तो प्रथम माणसावर संशय घेत नाही. फरक कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणत्या खिडकीवर येतो हे लिहून काढतो. बहुतेक वेळा उत्तर त्या नोंदींतच सापडते. पाळणाघराच्या संचालिका समजूतदार होत्या. त्यांना मी विनंती केली की पंधरा दिवस एका वहीत प्रत्येक चाव्याची आणि चावण्याच्या प्रत्येक प्रयत्नाची नोंद ठेवावी. वही मीच आखून दिली. रकाने सहा होते: वेळ, जागा, आधीच्या पाच मिनिटांत काय चालले होते, समोर कोणते मूल होते, जवळ कोणत्या ताई होत्या आणि चावल्यानंतर लगेच काय झाले. ‘उगाच चावला’, ‘रागाने चावला’ असे शेरे लिहायचे नाहीत, जे डोळ्यांनी दिसले तेवढेच लिहायचे, एवढी एकच अट मी घातली. संचालिका हसून म्हणाल्या, “काका, तुम्ही तर आमचे ऑडिटच लावले!” पण ताईंनी वही प्रामाणिकपणे भरली.

कामाच्या बारा दिवसांत नऊ नोंदी झाल्या. त्यांत सहा वेळा चावा बसला होता आणि तीन वेळा ताईंनी वेळीच अडविले होते. मुलीला वाटत होते त्याप्रमाणे ‘रोज’ घडत नव्हते, हे पहिल्याच वाचनात दिसले. वेळेच्या रकान्यावरून बोट फिरवले तेव्हा खरी गोष्ट उलगडली. नऊपैकी सहा नोंदी सकाळी सव्वाअकरा ते बारा या पाऊण तासातील होत्या. दोन नोंदी सायंकाळी साडेपाचनंतरच्या होत्या आणि उरलेली एक सकाळची, एका मुलाने त्याला मागून घट्ट मिठी मारली तेव्हाची.

सव्वाअकरा ते बारा या वेळात काय होत असे? दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यांत त्याचे उत्तर होते. सहापैकी चार नोंदी एका ढकलगाडीभोवतीच्या होत्या. लाल रंगाची ती गाडी सोळा मुलांत एकच होती. उरलेल्या दोन नोंदी जेवणाआधी हात धुण्यासाठी मुले दाटीवाटीने उभी राहत त्या नळाजवळच्या होत्या. पाचवा रकाना तर सर्वांत बोलका निघाला. सहाही नोंदींत एकाच ताईंचे नाव होते. कारण सव्वाअकरा वाजले की दुसऱ्या ताई सर्वांचे डबे गरम करण्यासाठी स्वयंपाकघरात जात. सोळा मुले, एक खेळणे, एक नळ आणि एकच ताई असा तो पाऊण तास होता.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी किमान निकष प्रसिद्ध केले आहेत. तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका असावी असे त्यात म्हटले आहे. कागदावर त्या पाळणाघरात सोळा मुलांना दोन ताई होत्या, म्हणजे प्रमाण ठीकच होते. पण दिवसभराच्या सरासरीने मूल सांभाळले जात नाही. ज्या वेळी मुले भुकेली, थकलेली आणि एकत्र गोळा झालेली असतात, नेमक्या त्या वेळी किती मोठी माणसे खोलीत असतात हे पाहावे लागते. पाळणाघर निवडताना आपण भिंतीवरील चित्रे आणि शुल्क पाहतो. जेवणाच्या आधीच्या अर्ध्या तासात एकदा जाऊन पाहिले तर अधिक कळते.

आमच्या घराकडूनही काही आकडे वहीशेजारी मांडायचे होते. नातू सकाळी साडेसात वाजता दूध पीत असे आणि पाळणाघरात जेवण सव्वाबाराला मिळे. म्हणजे मध्ये जवळजवळ पावणेपाच तास. सायंकाळच्या दोन नोंदींचेही कारण घड्याळातच होते. आपल्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची रीत असल्याने त्याच्या पोटाला साडेपाच-सहाला खाण्याची सवय लागलेली आहे. मोंढ्यात काम वाढले त्या दिवशी त्याला घ्यायला पावणेसात वाजले. त्या दोन्ही दिवशी तो भुकेला असताना चावला होता. शेवटी मुलीने त्याला बोलता येणाऱ्या शब्दांची यादी केली. आई, बाबा, आजी, पाणी, गाडी, भूभू असे दहाएक शब्द होते. त्यात ‘दे’ नव्हते आणि ‘नको’ही नव्हते. ज्या दोन शब्दांवाचून ढकलगाडीचे भांडण मिटत नाही, नेमके तेच दोन त्याच्याकडे नव्हते.

वही हाती आल्यावर उपाय शोधावे लागले नाहीत, ते समोरच होते. संचालिकांनी डबे गरम करण्याचे काम स्वयंपाकाच्या मावशींकडे दिले, त्यामुळे दोन्ही ताई खोलीत राहू लागल्या. हात धुण्यासाठी मुलांना एकदम न नेता चार-चारच्या गटाने नेण्यास सुरुवात झाली. आम्ही तशीच दुसरी ढकलगाडी पाळणाघराला आणून दिली. या वयात ‘वाटून खेळा’ हा उपदेश निरुपयोगी असतो, एकसारखी दोन खेळणी असणे उपयोगी असते. पावणेअकराला त्याला अर्धे केळे किंवा मुरमुरे देण्याचे ठरले आणि सायंकाळी पाच वाजता खाण्यासाठी मूगडाळीच्या खिचडीचा लहानसा दुसरा डबा घरून जाऊ लागला. सुळे येत होते म्हणून थंड पाण्यात भिजवून पिळलेले स्वच्छ फडके चावावयास देण्यात आले.

याखेरीज सव्वाअकरा ते बारा या वेळात एक ताई त्याच्यापासून हातभर अंतरावरच राहत. हे सर्वांत कष्टाचे, पण सर्वांत परिणामकारक काम ठरले. चावण्याआधी मूल काही खुणा देते. आमचा नातू अंग ताठ करी, ओठ उघडून पुढे झुके आणि समोरच्याची बाही पकडी. तेवढ्या दोन सेकंदांत ताई मध्ये हात घालीत आणि त्याच्या वतीने शब्द बोलत: “गाडी हवी? म्हण, दे.” घरीही आम्ही जेवताना, खेळताना हाच सराव केला. वाटी पुढे करून ‘दे’, नको असेल तर हात हलवून ‘नको’. शब्द येईपर्यंत हाताची खूण चालते.

तरीही चावा बसलाच तर काय करायचे, हे घरी आणि पाळणाघरात एकसारखे ठरले. आधी ज्याला लागले त्याच्याकडे जायचे, त्याला जवळ घ्यायचे, धुवायचे. यामुळे त्या मुलाला धीर मिळतो आणि चावणाऱ्याला सर्वांचे लक्ष मिळत नाही. मग चावणाऱ्याच्या उंचीइतके खाली बसून, शांत पण ठाम आवाजात, “चावायचे नाही. चावले की दुखते,” एवढेच सांगायचे. लांब भाषण नाही, आरडाओरडा नाही, हसणे तर मुळीच नाही. ज्या खेळण्यासाठी चावला ते त्या वेळी त्याला द्यायचे नाही. जबरदस्तीने ‘सॉरी’ म्हणवून घ्यायचे नाही, पण थंड फडके आणून देण्यासारखे लहान काम त्याच्याकडून करवून घेता येते. आणि त्याला ‘चावरा’ हे नाव कोणी द्यायचे नाही. मुलाला जे नाव मिळते त्याप्रमाणे मोठी माणसे त्याच्याकडे पाहू लागतात आणि तेही तसेच वागू लागते. शिक्षा आणि बक्षीस या दोहोंवाचून मूल घडते हा विचार आपल्या भाषेला नवा नाही. गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांना बरोबर घेऊन १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांत बालशिक्षणाचे जे काम केले, त्याच्या मुळाशी मुलाचे निरीक्षण हीच गोष्ट होती.

यानंतरच्या बारा दिवसांत वहीत तीन नोंदी झाल्या आणि त्यांपैकी दोन केवळ प्रयत्न होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र पहिल्याच आठवड्यात पुन्हा दोन चावे झाले. मुलगी घाबरली. वहीत पाहिले तर एक ताई काम सोडून गेल्या होत्या आणि नवीन ताईंना सव्वाअकराच्या व्यवस्थेची माहितीच नव्हती. त्यांना ती समजावून दिल्यावर पुढच्या महिन्यात एकच नोंद झाली आणि त्यानंतर पान कोरे राहिले. सुट्टी, आजारपण, घर बदलणे, नवे भावंड, ताई बदलणे अशा प्रसंगी चावणे काही दिवस परत येते. त्याचा अर्थ आधीचे श्रम वाया गेले असा नसतो, व्यवस्थेतील कोणता दुवा सुटला आहे ते पाहायचे असते. आणखी एक सांगण्यासारखे. नऊपैकी चार नोंदींत समोरचे मूल एकच होते, त्यामुळे त्याच्या पालकांना आपल्या मुलावर दावा धरला आहे असे वाटले होते. वस्तुतः त्यालाही तीच गाडी आवडत असे. दोन गाड्या आल्यावर ती दोन्ही मुले खोलीभर एकमेकांमागे गाड्या ढकलत फिरू लागली.

वहीने सर्वच प्रश्न सुटतात असे नाही. तीन वर्षे पूर्ण झाल्यावरही मूल वारंवार चावत असेल, चावे अधिकाधिक जोरात होत असतील, ते स्वतःलाच चावत असेल, किंवा आधी व वेळ यांचा कोणताही मेळ नोंदींत दिसत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द न येणे, दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’ अशी दोन शब्दांची जोडणी न होणे, हाक मारल्यावर वळून न पाहणे किंवा आलेले शब्द गमावणे, ही लक्षणे असतील तर वाट पाहू नये. अशा वेळी प्रथम ऐकण्याची तपासणी करतात, कारण ज्याला नीट ऐकू येत नाही त्याला शब्द येत नाहीत आणि शब्द नसले की दात पुढे येतात. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांच्या तपासणीसाठी व उपचारांसाठी जिल्हा पातळीवर केंद्रे उभारण्याची तरतूद आहे. ‘मुलगा आहे, उशिरा बोलेल’ या समजुतीवर वर्ष घालवू नये.

पाळणाघराचीही परीक्षा याच निमित्ताने होते. वेळ आणि परिस्थिती विचारल्यावर जेथे ‘तो तसाच आहे’ एवढेच उत्तर मिळते, जेथे चावणाऱ्या मुलाला कोपऱ्यात कोंडतात किंवा मारतात, जेथे नोंद ठेवण्यास नकार देतात, ते पाळणाघर चावा घेणाऱ्या आणि चावा सोसणाऱ्या अशा दोन्ही मुलांसाठी योग्य नाही. जेथे संचालिका वही घेऊन समोर बसतात, तेथे शुल्क थोडे अधिक असले तरी मूल तेथेच ठेवावे.

ज्यांच्या घरी सध्या हा प्रश्न असेल त्यांनी आज रात्री एक साधी वही घ्यावी, वर सांगितलेले सहा रकाने आखावेत आणि उद्या सकाळी ती ताईंच्या हाती द्यावी. बारा दिवस ती भरू द्यावी. घरी मात्र न्याहारीची वेळ, झोपेचे तास आणि मुलाला येणारे शब्द आपणच लिहावेत. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून आधी वेळेचा रकाना वाचावा आणि नंतर त्या वेळी जवळ कोण होते तो.